नऊ किलो कशाचे?

*"सर, मी आणि माझी मैत्रीण मिळून कथा लिहितो. सुरुवात तिची, पुढचं माझं, शेवट दोघींचा. ती शेतात असते, मी अंगणवाडीत, त्यामुळे सगळं मोबाइलवर. या वेळी तिनं सोबतची सुरुवात पाठवली आणि ऐन प्रसंगात थांबली. 'पुढे काय होणार आहे?' विचारलं तर म्हणाली, 'तूच सांग.' मग मी सात प्रश्न लिहून पाठवले (तेही जोडले आहेत). तीन दिवस उत्तर नाही. शेवटी मीच पानभर लिहिलं: सून गाठोडं सोडते, आतून दगड निघतो, रुख्मामाय रडते. ती म्हणाली, 'हे माझं नाही.' तिला न दुखावता तिच्या मनातली वाट कशी विचारू?"*

*— एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ*

*सोबतची सुरुवात:*

*काटा बाभळीच्या फांदीले टांगला होता. आकडा वाचायचं काम नव्या सुनेकडं. सासू बंडीत वही घेऊन बसली होती. किलोले दहा रुपये. बाया एकेक गाठोडं आणत, हुकाले अडकवत, आकडा ऐकत अन् बाजूला सरत. सगळ्यात शेवटी रुख्मामाय आली. रोज तिचं सोळा-सतराच्या वर जात नव्हतं. आज गाठोडं तिनं दोन्ही हातानं कवळ्यात धरून आणलं. हुकाले लावताना नजर खाली. सुनेचीही नजर खाली गेली. रुख्मामायचे पाय घोट्यापर्यंत ओले होते. आकडा थरथरला अन् थांबला. सव्वीस पॉइंट चार.*

*मागं कोणीतरी खोकललं.*

*"काय झालं वं?" सासूनं वहीतून मान वर न काढता विचारलं. "आकडा सांग."*

*सून काट्याकडं पाहत राहिली.*

*"परत मोजा."*

ताई,

आधी त्या तीन दिवसांचं. तुमचं पत्र कार्तिकातलं आहे. या दिवसांत घाटंजीकडं पहाटे भाकर बांधून वावरात गेलेली बाई दिवे लागल्यावर घरी येते, मग चूल पेटवते. तिनं तुमचे सात प्रश्न बंडीत बसल्या बसल्या वाचलेही असतील, पण त्यांची उत्तरं बंडीत बसून देता येत नाहीत. तीन दिवस गप्प म्हणजे रुसवा नव्हे, कापूस. तेवढ्यावरून तुम्ही पानभर लिहायला घेतलंत, ही घाई झाली.

तुमचे सातही प्रश्न वाचले. 'रुख्मामाय पकडली जाईल का', 'सासू तिला कामावरून काढेल का', 'सून कोणाची बाजू घेईल', अशा पाच प्रश्नांना एकच अर्थ आहे: कथा लिहून झाली असल्यासारखी मला सांग. तिनं ती लिहिलेली नाही, म्हणून तर ती थांबली आहे. सहावा प्रश्न ('गाव कोणतं?') आत्ता बिनकामाचा. सातवा मात्र मला आवडला: '"परत मोजा" असं कोण म्हणालं?' गंमत अशी, की त्याचं निम्मं उत्तर पानावरच आहे.

तो शब्द बघा. 'मोज' नाही, 'मोजा' आहे. सासू सुनेला 'मोजा' म्हणणार नाही. दोनच ओळी आधी तिनं 'आकडा सांग' म्हटलंय, 'सांगा' नव्हे. म्हणजे सासू गळाली. सून स्वतः म्हणाली असती तर 'परत मोजते' म्हणाली असती. उरल्या वेचणाऱ्या बाया. मालकाची सून वयानं लहान असली तरी तिला अहोजाहो करणाऱ्या त्याच. म्हणजे एकतर मागं खोकणारी, नाहीतर खुद्द रुख्मामाय. या दोन शक्यतांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. खोकणारी म्हणाली असेल तर ही वेचणाऱ्या बायांच्या आपसातल्या असूयेची गोष्ट होते. सतरा किलोवाली म्हातारी सव्वीस नेते आणि आपण वीस, हे मागच्या बाईला खुपतं. पण रुख्मामाय स्वतःच म्हणाली असेल तर? ज्या बाईनं नजर खाली ठेवलीय, तीच आपल्या फायद्याचा आकडा तपासायला सांगते. मग ती चोर असणं अवघड होऊन बसतं.

मैत्रिणीला काहीही विचारण्याआधी एवढं वाचून घ्यायचं. पानानं दिलेलं उत्तर लेखकाला परत विचारलं, की त्याला वाटतं हिनं नीट वाचलंच नाही. आणि एकदा तसं वाटलं, की तुमच्या पुढच्या चांगल्या प्रश्नालाही 'तूच सांग' हेच उत्तर मिळतं.

आता आकडा. रोजचे सतरा धरा, आज 26.4. वरचे साधारण नऊ किलो कशाचे?

वेचणीच्या दिवसांत वजन वाढलं की पहिला संशय पाण्यावर. 'पाय ओले' वाचल्यावर माझ्याही मनात तेच आलं. पण हिशेब करून बघा. नऊ किलो म्हणजे नऊ लिटर पाणी, बादलीभर. सतरा किलो कापसात बादलीभर पाणी मुरवलं तर गाठोड्याखाली धार लागेल, कापडाचा रंग बदलेल, हुकाला लावणारीच्या हाताला ते कळेल. तांब्याभर शिंपडलेलं लपतं, बादली लपत नाही. शिवाय वावरातल्या कोणालाही ओला कापूस ओळखायला यंत्र लागत नाही. मुठीत दाबून सोडला की कोरडा फुलून वर येतो, ओला गोळा होऊन राहतो. सरकी दाताखाली धरली की कोरडी कट् वाजते, ओली दबते. आणि हे चोचले नाहीत. सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, 12 च्या वर गेला तर कापूस घेतच नाहीत. म्हणजे बंडीत बसलेल्या सासूला ओल्या कापसाचं भय खरं आहे. तुमच्या मैत्रिणीला पाण्याचीच कथा लिहायची असती तर तिनं आकडा अठरा-एकोणीस ठेवला असता. तिथं संशय राहतो, खात्री होत नाही. सव्वीसवर पाणी बसत नाही.

मग चोरी? नाल्यापलीकडच्या वावरातून आणलेला कापूस? पाय ओले आहेत, संध्याकाळची वेळ आहे, दव तर दहा वाजताच उडालं. तेव्हा नाला ओलांडला असणार, इथवर ठीक. पण किलोला दहा रुपये वेचणी. नऊ किलो चोरून तिनं इथं मोजायला आणले तर तिच्या हाती नव्वद रुपये पडतात. तोच कापूस गावातल्या खेडा खरेदीवाल्याला दिला तर? 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. खेडा खरेदीवाला त्यातून पंधरा-वीस टक्के खाली पाडून घेईल असं धरलं, तरी नऊ किलोचे साडेपाचशेच्या आसपास होतात. चोरी करायची आणि पाचशेचा माल नव्वदला द्यायचा, एवढी भोळी चोर कोणी नसते.

आणि तुमचा दगड. नऊ किलोचा दगड म्हणजे पाट्याच्या वरवंट्याहून मोठा. तो कापसात तळाशी जाऊन गाठोडं एका बाजूला ओढतो. हुकाला लावलं, की सगळ्यांना दिसतं. एक-दीड किलोचा दगड लपतो, नऊचा नाही. तुमची मैत्रीण रोज काट्याजवळ उभी राहणारी बाई आहे. तुमचं पान वाचताना पहिल्या दोन ओळींत तिनं हे ओळखलं असणार. 'हे माझं नाही' यात मला रागापेक्षा तेच जास्त ऐकू येतं: असं होत नसतं गं.

मग काय उरतं? दोघींची वेचणी एका गाठोड्यात. कोणीतरी दुसरी, जिचं नाव वहीत नाही, तिनं दिवसभर वेचलं आणि रुख्मामायच्या गाठोड्यात मिसळलं. शाळा बुडवून आलेली नात असेल. नऊ किलो हा बारा-तेरा वर्षांच्या पोरीचा दिवसभराचा हात सहज असू शकतो. किंवा याच सासूनं मागच्या हंगामात भांडून हाकललेली बाई असेल, जी नाल्याकडच्या तासांत खाली वाकून वेचत राहिली. मग ओले पाय जुळतात, कारण तिच्याकडून कापूस आणायला रुख्मामाय नाल्यात उतरली. कवळ्यात धरलेलं गाठोडं जुळतं. नजर जुळते. 'परत मोजा'ही जुळतं, कारण कापूस खरा आहे, वजन खरं आहे, खोटं फक्त नाव आहे.

बघितलंत? मी इथवर वाहत आलो आणि तुमच्या मैत्रिणीची कथा माझ्या खिशात घालून बसलो. तुम्हीही अगदी हेच केलंत, फक्त तुमचा दगड निघाला आणि माझी नात. हा हिशेब तिला पाठवायचा नाही. एक ओळही नाही. 'अगं, नात असेल ना?' असं तुम्ही लिहिलंत, की दोनपैकी एक होतं. तिच्या मनात नात नसेल तर तिला वाटतं आपलं त्यापुढं फिकं आहे. नात असेलच, तर तिनं लपवून ठेवलेलं तुम्ही उघडं केलं, आता लिहायचं कोणासाठी? हा हिशेब केला तो तुमच्या प्रश्नाला बूड यावं म्हणून. कोणता प्रश्न रिकामा आहे आणि कोणता भरलेला, हे तो सांगतो. 'गाठोड्यात पाणी आहे का दगड?' हा रिकामा. 'नऊ किलो कशाचे, हे तुला ठाऊक आहे का?' हा भरलेला.

या दुसऱ्या प्रश्नाची बांधणी नीट बघा. 'काय आहे' असं तो विचारत नाही. 'ठाऊक आहे का' एवढंच विचारतो. उत्तर हो किंवा नाही, आणि ते चुलीपुढं बसूनही देता येतं. लेखक मधेच थांबतो तेव्हा त्याच्यामागं बहुतेक दोनपैकी एक कारण असतं. त्याला पुढचं माहीत असतं आणि तिथवर जायची वाट सापडत नाही, किंवा वाट बरी चालली असते आणि गाव कुठलं ते माहीत नसतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, अर्धी ओळ आणि पुढं कोरं. पण पहिल्याला मदत करायची ती पुढच्या प्रसंगाची, दुसऱ्याला मागच्या ओळींची. हे न ओळखता केलेली मदत उलटी पडते.

एवढंच पाठवा, तुमच्या दोघींच्या बोलीत:

"वाचलं. सुनेची नजर रुख्मामायच्या पायाकडं गेली तिथं मी थांबले, पुन्हा मागं जाऊन वाचलं. मी लिहिलेलं पान बाजूला ठेव, ते घाईत झालं. एकच सांग, वरचे नऊ किलो कशाचे हे तुले ठाऊक हाय का? कशाचे ते सांगू नको. फक्त हो का नाही."

यात पहिल्या ओळीला मोल आहे. 'छान जमलंय' असं न लिहिता नेमकं कुठं थांबलात ते लिहिलंय. ओले पाय तिनं मुद्दाम लिहिले असतील तर तिला कळतं, की खूण पोचली. ओघात लिहिले असतील तर आत्ता पहिल्यांदा तिचं लक्ष तिकडं जातं, आणि कधी कधी तेवढ्यानं अडलेली कथा हलते. 'सांगू नको' हेही उगाच नाही. माझ्या तरुणपणी मी आणि एक मित्र असेच जोडीनं लिहायचो, पोस्टकार्डावर. तो अडला की मी विचारायचो, 'शेवट काय?' तो बिचारा उलट टपाली दोन्ही बाजू भरून शेवट लिहून पाठवायचा. आणि ती कथा तिथंच मेली असायची. सांगून झालेलं पुन्हा लिहायला त्याचा हात उठत नसे. अशा तीन कथा माझ्याकडं पडल्या आहेत, शेवटांसकट, मधलं नाही. चौथ्या वेळी मी विचारणं सोडलं, तोवर त्यानं लिहिणं सोडलं होतं.

ती 'हो' म्हणाली, असं धरू. मग दुसरा प्रश्न, पण दुसऱ्या दिवशी: "हे सुनेले कळणार हाय का, की फक्त वाचणाऱ्याले?" यावर कथा कोणाची ते ठरतं. तुमच्या पानात सून गाठोडं सोडते. पण सुरुवातीतल्या सुनेनं आत्तापर्यंत काय केलंय बघा. सासूनं आकडा विचारला आणि तिनं सांगितला नाही. या अख्ख्या तुकड्यात तिच्या तोंडी एकही शब्द नाही. माझ्या मते प्रसंगाचा खिळा गाठोड्यात नाहीच. तो सुनेच्या तोंडात आहे. सव्वीस पॉइंट चार हा आकडा सांगायचं काम तिचं आहे. ती 'सतरा' म्हणू शकते, 'सव्वीस' म्हणू शकते, 'काटा बिघडला' म्हणू शकते, आणि प्रत्येक आकड्याबरोबर तिचं त्या घरातलं पुढचं वर्ष बदलतं. सून गाठोडं उघडते तेव्हा ती मालकीण होते. आकडा न सांगता उभी असते तेव्हा ती नवी सून असते, तिथल्या मजुरांइतकीच त्या घराला परकी. तुमच्या मैत्रिणीनं दुसरी लिहिली होती, तुम्ही पहिली केलीत. दगडापेक्षा मला ही चूक मोठी वाटते. दगड खोडता येतो, बाई बदलली की सगळंच बदलतं.

हे मात्र तिला सांगता येईल, कारण हे तुमच्या चुकीबद्दल आहे, तिच्या कथेबद्दल नाही. "तुझी सून बोलत नव्हती, मी तिले बोलकी केली" एवढं लिहिलंत तरी तिचं मन निवळेल.

ती 'नाही' म्हणाली, तर शेवटाबद्दल एक अवाक्षर काढू नका. तेव्हा मागं जायचं: "तुले पहिले काय दिसलं होतं? पाय, आकडा, का काटा?" पहिलं दिसलेलं चित्र बहुतेक वेळा कथेचं बी असतं. बाकीचं त्याच्याभोवती लिहिताना जमतं. पाय पहिले दिसले असतील तर कथा नाल्याकडं जाते, आणि 'परत मोजा' हा तिनं प्रसंग ताणायला टाकलेला फाटा निघू शकतो. मग ती ओळ काढून बघायला सांगा. सुनेच्या गप्प राहण्यावर थांबलं तर कदाचित पुढचं आपोआप येईल. आकडा पहिला दिसला असेल तर सासूच्या वहीत काय काय लिहिलंय, याकडं जायला वाट आहे. काटा पहिला असेल तर तिसरीच गोष्ट: तो काटा खरा आहे का? मालकाचा काटा आजवर रोज कमी दाखवत होता आणि आज चुकून बरोबर दाखवला, असंही असू शकतं. हे मला आत्ता लिहिताना सुचलं, आणि माझी नात यापुढं एकदम शहाणी-सुरती वाटायला लागली. म्हणून म्हणतो, खिशातलं खिशात ठेवा.

एक तिसरं कारणही असतं, ते नाजूक आहे. पुढची ओळ खरी असते. वावर ओळखीचं, बाई ओळखीची, आणि ती कथा गावात कोणी वाचली तर उद्या काट्याजवळ उभं राहायची पंचाईत. याची खूण अशी, की काही तपशील गरजेपेक्षा नेमके असतात. 'सव्वीस' पुरे होतं, 'पॉइंट चार' कोणी मनानं लिहीत नाही. लिहितही असेल, मी छातीठोक सांगत नाही. पण तुमच्या हो-का-नाहीला तिनं 'मंग सांगीन' असं काहीतरी लिहिलं, तर तिथं ओढू नका. दोनेक दिवसांनी फक्त एवढं विचारा: "वावर दुसऱ्या गावचं केलं तर चालंल का? अन् कापसाऐवजी सोयाबीन?" हो म्हणाली तर कारण कळलं, आणि तुम्ही तिला न विचारता कळलं. सोयाबीनला काटा असा बाभळीला टांगत नाहीत, सोंगणीचा हिशेब बहुधा एकरानं होतो, त्यामुळे प्रसंग पुन्हा रचावा लागेल. पण तो तिचा तिलाच रचू द्या.

पुढं लिहायची पाळी तुमच्यावर आली, तर पान लिहू नका. पुढचा निर्णय जिथं येतो तिथवरच जा. इथं तो अगदी जवळ आहे: काट्यावरून गाठोडं उतरवायचं, परत लावायचं, आकडा परत थरथरायचा. पाच-सहा ओळी. आकडा थांबायच्या आधी तुम्ही थांबा आणि तिला परत द्या. तुमच्या ओळींत नवीन माणूस आणू नका, कोणाला काही कळू देऊ नका. दुसऱ्यांदा मोजताना सासू वहीतून मान वर काढते, एवढी भर चालेल, कारण पहिल्या वेळी सासूनं काढली नव्हती हे तुमच्या मैत्रिणीनंच लिहून ठेवलंय.

आणि यापुढं दोघींमध्ये एक खूण ठरवून घ्या. तुकडा पाठवताना खाली एकच शब्द: 'ठेवलं' किंवा 'अडलं'. ठेवलं म्हणजे मुद्दाम इथं थांबले, आता तुझी पाळी. अडलं म्हणजे विचार. या वेळी हा शब्द असता तर तुमचे सात प्रश्न टळले असते.

तुमच्या पानात तुम्ही तिची 'फांदीले', 'हुकाले' अशी रूपं 'फांदीला', 'हुकाला' केली आहेत, तेही सोडा. निवेदन वऱ्हाडीत ठेवायचं की प्रमाण मराठीत, हा दिशेचाच प्रश्न आहे. तिच्या तुकड्यात ते मिसळलेलं आहे, 'कडं' आणि 'ले' शेजारी शेजारी. ते बहुधा अजून ठरलेलं नाही. सुधारून टाकलंत की तुम्ही परस्पर ठरवलंत.

शेवटी एक बारीक गोष्ट, पण आधी तीच विचारून घ्या. ही सगळी मजल मी 'मोजा'च्या एका कान्यावर मारली आहे. मोबाइलवर 'मोज' लिहिताना कीबोर्डनं पुढचं 'मोजा' सुचवलं आणि तिच्या अंगठ्यानं तेच दाबलं असेल, तर बोलणारी सासूच, आणि माझं निम्मं उत्तर रद्दीत. "'मोज' का 'मोजा'?" एवढंच पाठवा. याचं उत्तर ती बंडीत बसूनही देईल.